मी कुठे काय करतोय?

कटओव्हरचा, म्हणजे जुन्या डेटाबेसवरून नव्यावर जाण्याचा, अहवाल आज सगळ्यांना गेला. नियोजित डाउनटाइम 10 मिनिटं, प्रत्यक्ष 26, आणि कारणाच्या रकान्यात दोनच शब्द: डेटाबेस टीम. टीम म्हणजे मी. उरलेली 16 मिनिटं कुणाची, हे लिहायला त्या रकान्यात जागा नव्हती म्हणे.

आमचा पोस्टग्रेस डेटाबेस क्लाउडवर न्यायचा होता. सगळा डेटा आधी एकदा पलीकडे कॉपी केला आणि मग लॉजिकल रेप्लिकेशन चालू ठेवलं. इकडे एखादी नोंद झाली की थोड्याच वेळात तिकडे. शेवटच्या रात्री अ‍ॅप बंद करायचं, तिकडचं इकडच्याइतकं झालं की कनेक्शन नव्या पत्त्यावर वळवायचं आणि अ‍ॅप चालू करायचं. कागदावर फार देखणं दिसतं.

अ‍ॅप बंद केलं. लॅग, म्हणजे तिकडचं मागे राहणं, शून्य. साहेब कॉलवर म्हणाले, "झालं ना? वळवा." पण मला खोडी आहे, मी स्लॉट बघतो. रेप्लिकेशन कुठवर आलंय याचा हिशेब तिथे असतो.

```sql
SELECT slot_name, restart_lsn, confirmed_flush_lsn
FROM pg_replication_slots;
```

तिकडे कुठवर पोचलं ते सांगणारा `confirmed_flush_lsn` अगदी पुढे येऊन थांबलेला, कुठपासूनचे बदल अजून जपून ठेवायचे ते सांगणारा `restart_lsn` मात्र दुपारपासून एकाच जागी ठाण मांडून. याचा अर्थ कुणीतरी दुपारी ट्रान्झॅक्शन उघडलंय आणि ते ना कमिट करून पक्कं केलंय ना रोलबॅक करून सोडून दिलंय. अशा ट्रान्झॅक्शनमधला बदल कमिट होईपर्यंत पलीकडे उमटत नाही. म्हणून लॅग शून्य दिसतो आणि तरी एक नोंद इकडेच अडकलेली असते. वर तिच्यापायी जुन्या सर्व्हरला दुपारपासूनच्या वॅल फाइल्स, म्हणजे बदलांची रोजनिशी, टाकून देता येत नाहीत, डिस्क फुगत जाते ती वेगळीच.

`pg_stat_activity` मध्ये सेशन सापडलं: `idle in transaction`. हिशेब विभागातले एक ज्येष्ठ गृहस्थ. अ‍ॅप बंद झाल्याचा त्यांना पत्ताच नव्हता, कारण ते अ‍ॅप वापरतच नाहीत. त्यांच्याकडे थेट डेटाबेस उघडणारं एक टूल आहे, ऑटोकमिट बंद करून ठेवलेलं, म्हणजे बदल आपोआप पक्का होत नाही. हा परवाना त्यांना कुणी दिला, हे विचारायची सोय नाही. त्यांचं सेशन तोडायला `pg_terminate_backend` ची एक ओळ पुरते. पण हिशेबवाल्यांचं सेशन त्यांना न विचारता तोडायचं नाही, असा आमच्याकडे नियम. लावला फोन.

"मी कुठे काय करतोय?" ते म्हणाले. "मी तर जेवतोय."

"तुमची खिडकी उघडी आहे."

"बघण्यापुरती उघडी आहे."

"बघताना एका नोंदीत काही बदललंत का?"

बराच वेळ शांतता. मग, "'किरकोळ'चं 'किरकोळ खर्च' केलं होतं. पण ते सेव्ह कुठे केलंय?"

"म्हणूनच तर! एकतर सेव्ह करा, नाहीतर सोडून द्या."

"सेव्ह उद्या करीन. वरिष्ठांना विचारल्याशिवाय मी सेव्ह करत नाही."

मी समजावलं: उद्या सेव्ह कराल तर ते जुन्या डेटाबेसमध्ये होईल, टूल 'झालं' म्हणेल, तुम्ही निश्चिंत व्हाल, आणि जिथे सगळे काम करत असतील तिथे ते कधीच दिसणार नाही. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे तुमचं मशीन माझं टायपिंग हरवणार?" तिकडे ग्राहकांना 'सेवा तात्पुरती बंद' दिसतंय, कॉलवर साहेब उसासे सोडतायत, आणि मी एका शब्दाच्या भवितव्यावर चर्चा करतोय! शेवटी त्यांनी वरिष्ठांना झोपेतून उठवलं. वरिष्ठ म्हणाले, "कसला खर्च?" तीच परवानगी समजून मी सेशन तोडलं. थोड्याच वेळात `restart_lsn` उडी मारून पुढे.

उरलेलं काम पाच मिनिटांचं होतं. लॉजिकल रेप्लिकेशन ओळी नेतं, पण सीक्वेन्सचा, म्हणजे नोंदींना क्रमांक देणाऱ्या मोजणीचा, आकडा नेत नाही. तो तसाच सोडला तर नवीन नोंदीचा क्रमांक पुन्हा 1 पासून निघतो आणि पहिलीच नोंद 'आधीच आहे' म्हणून परत येते. प्रत्येक सीक्वेन्स `setval` ने थोडा पुढे सरकवला होता, म्हणून अ‍ॅप चालू होताच पहिली पावती विनातक्रार फाटली. याचा अहवालात उल्लेख नाही. नसणारच, काही फुटलं नाही ना!

सकाळी त्या गृहस्थांनी तिकीट टाकलं. विषय: 'नवीन सिस्टीममध्ये रात्री टायपिंग जाते.' प्राधान्य: अतितातडीचे. जोडीला वरिष्ठांचा शेरा: 'पुन्हा असे होऊ नये.' मी त्यांचा थेट प्रवेश बंद करण्याचा अर्ज केलाय. तो मंजुरीसाठी हिशेब विभागाकडे गेलाय.