गरोदरपणातील बद्धकोष्ठता आणि लोहाच्या गोळ्या : खुलासा

“गरोदरपणात पोट साफ होत नाही ते लोहाच्या गोळ्यांमुळेच, गोळ्या बंद करा, त्रास थांबेल.”

हे अर्धसत्य आहे. आपल्याकडे लोहाच्या गोळ्या साधारणपणे चौथ्या महिन्यापासून देतात, पण कित्येक जणींना आठव्या आठवड्यातच शौचाला खडा होतो. त्याचे कारण प्रोजेस्टेरॉन. हे संप्रेरक आधी बीजकोशातून आणि तिसऱ्या महिन्याच्या सुमारास मुख्यतः वारेतून स्रवते, आणि गर्भाशय आकुंचन पावू नये म्हणून त्याचे स्नायू सैल ठेवते. मात्र आतड्याचे स्नायूही त्याच जातीचे असल्याने तेही मंदावतात, मळ मोठ्या आतड्यात रेंगाळतो आणि त्यातले पाणी अधिक शोषले जाते. पहिल्या तिमाहीतल्या दिवसभराच्या पेंगेमागेही बरेचसे हेच संप्रेरक असते. कंबरेच्या व जांघेच्या दुखण्याचा दोष मात्र गोळ्यांकडे मुळीच जात नाही. तिथे रिलॅक्सिन हे दुसरे संप्रेरक ओटीपोटाच्या सांध्यांचे अस्थिबंध सैल करण्यास हातभार लावते.

लोहाने बद्धकोष्ठता वाढू शकते, हे खरे. तरीही गोळ्या परस्पर सोडल्यास रक्तक्षय बळावण्याची भीती असते, म्हणून पाणी व चोथायुक्त आहार वाढवावा आणि गोळीचा प्रकार किंवा मात्रा डॉक्टरांकडूनच बदलून घ्यावी.