सहीचं पत्र म्हणजे पुरावा नव्हे

“मालसाठा बरोबर असल्याचं व्यवस्थापनाने लेखी दिलंय, मग मोजणीला जायची गरज नाही.”

गरज आहे. लेखापरीक्षणाच्या आयएसए ५८० या आंतरराष्ट्रीय मानकानुसार लेखापरीक्षकाला दिलेल्या या पत्रात व्यवस्थापन सांगतं, की आर्थिक विवरणपत्रांची जबाबदारी आमची, सर्व व्यवहार नोंदवले आणि मागितलेली माहिती दिली. पण ज्याचे आकडे तपासायचे, त्याचीच ही ग्वाही. एकटी ती पुरेसा पुरावा ठरत नाही.

समजा, साठा दुसऱ्याच्या गोदामात आहे. मग गोदामवाल्याकडून थेट दुजोरा घ्या किंवा स्वतः मोजा. मोजणी वर्षअखेरीनंतर झाली, तर मधली आवक-जावक जुळवून मागे वर्षअखेरच्या आकड्यापर्यंत या. यातलं काहीच जमलं नाही आणि रक्कम मोठी असेल, तर लेखापरीक्षकाला अहवालात स्वच्छ अभिप्राय देता येत नाही. पत्र कितीही कडक शब्दांत असो!