‘सुधारा’ एवढंच लिहून आलेली पीपीटी

वाचकाची प्रतिक्रिया: “पीपीटी पाठवून ‘सुधारा’ म्हणणाऱ्याला सुधारलेली पीपीटी हवी असते. तुम्ही मात्र ओघ, शब्द आणि मांडणी अशा तीन याद्या त्याच्या हातात देता. स्लाइड ही एकच वस्तू आहे, तिचे तुकडे करणं म्हणजे काम टाळणं. मी असतो तर सरळ फाइल दुरुस्त करून दिली असती.”

मीही आधी तेच करायचो. एका शेतकरी उत्पादक कंपनीची पीपीटी अशीच आली होती. १४ स्लाइड, डाळमिलसाठी बँकेकडे कर्ज मागायचं होतं आणि व्हॉट्सॲपवर एकच शब्द: सुधारा. रात्री बसून मी ती चकाचक केली. एका स्लाइडचा मथळा होता ‘बोलणी सुरू असलेले खरेदीदार’. तो एका ओळीत मावेना, म्हणून मी ‘आमचे खरेदीदार’ करून टाकला. बँकेत साहेबांनी पहिल्यांदा मागितली ती करारपत्रं. ती नव्हतीच. अध्यक्षांचा फोन आला, “अहो, हे आपण कधी लिहिलं?” मी मांडणी सुधारतोय अशा समजुतीत त्यांच्या तोंडी खोटं घातलं होतं, आणि काय काय बदललं हे सांगणारी एक ओळही त्यांच्याकडे नव्हती.

तेव्हापासून तीन याद्या. रंग, अंतर, अक्षरांचा आकार हे मी न विचारता करतो. तिथे तुमचंच म्हणणं पाळतो. शब्द बदलला तर जुना आणि नवा शेजारी शेजारी लिहून देतो. क्रम मात्र फक्त सुचवतो, कारण काय आधी मागायचं हे मागणाऱ्याने ठरवायचं असतं.

आणि बघायला सुरुवात करतो ती क्रमापासून. त्याच पीपीटीत पहिल्या ५ स्लाइड कंपनीचा इतिहास आणि संचालकांचे फोटो यांत गेल्या होत्या. कर्जाची रक्कम ११व्या स्लाइडवर. हे पकडायला पॉवरपॉइंटमध्ये View मधलं Outline View उघडायचं आणि नुसते मथळे ओळीने मोठ्याने वाचायचे. ‘प्रस्तावना’, ‘आमच्याविषयी’, ‘आढावा’, ‘तक्ता’. यातून बँकेला काय कळणार? (काही मथळे तिथे दिसतच नाहीत. ते मथळ्याच्या जागी न लिहिता वेगळ्या टेक्स्ट बॉक्समध्ये टाकलेले असतात.) हे आधी केलं असतं तर ज्या फोटोंच्या स्लाइडवर मी तासभर घालवला, त्या शेवटी तरी गेल्या असत्या.

स्लाइड एकच वस्तू आहे, हे खरं. पण तिची दुखणी एक नसतात. जानेवारी २००३ मध्ये कोलंबिया यान अवकाशात असताना अभियंत्यांनी नासाला दाखवलेली एक स्लाइड पुढे यान परतताना नष्ट झाल्यावर चौकशी अहवालात आली. मथळा धीर देणारा होता: चाचण्यांचे निष्कर्ष सावध बाजूला झुकलेले आहेत, अशा अर्थाचा. सगळ्यात तळाला, बारीक अक्षरात होतं की चाचणीतला फोमचा तुकडा ३ घनइंचांचा होता आणि यानावर आदळलेल्या तुकड्याचा अंदाज १९२० घनइंचांचा. म्हणजे ६४० पट. शिवाय ‘सिग्निफिकंट’ हा शब्द त्या एका स्लाइडवर वेगवेगळ्या रूपांत पाच वेळा, आणि तोही वेगवेगळ्या अर्थांनी. कल्पना चावला त्याच यानात होत्या. आता ही स्लाइड ‘सुधारा’ म्हणून माझ्याकडे आली आणि मी अक्षरं मोठी केली, तर मथळा आणखी ठळकपणे उलटंच सांगेल. शब्द नेमके केले, तरी ६४० पट तळालाच राहील. पहिलं काम ती ओळ वर आणून तिचाच मथळा करण्याचं.

एका बाबतीत तुमचा आक्षेप मला मान्य आहे. दुखणं कुठल्या यादीत घालायचं, हे कळणं अवघड जातं. डाळमिलच्या ८व्या स्लाइडवर यंत्रांच्या दरपत्रकाचा तक्ता होता, अक्षर डोळे ताणून वाचावं लागेल इतकं बारीक. दिसायला तक्रार मांडणीची. पण बँकेला हवी होती एकूण किंमत आणि कंपनी स्वतःचे किती घालणार एवढंच; बाकीचं दरपत्रक छापून हातात द्यायचं होतं. अशा वेळी मी स्लाइडवरचा मजकूर कोऱ्या पानावर उतरवतो, ना रंग ना चौकटी. तिथेही मुद्दा सापडला नाही, तर दोष मांडणीचा नाही.

याद्या हातात देण्याआधी मी एकच प्रश्न विचारतो: हे बघून कुणी काय ठरवायचं आहे, आणि ते पडद्यावर बघणार की मेलवर वाचणार? बहुतेक वेळा उत्तर दोन ओळींत येतं आणि निम्मं काम तिथेच होतं. उत्तर आलं नाही, तर माझा अंदाज पहिल्या ओळीत लिहून पुढे जातो.

बैठक उद्या सकाळी दहाला असेल तर मात्र तुमचंच बरोबर. तेव्हा मी फक्त मांडणी दुरुस्त करतो, जुनी फाइल सोबत परत देतो, आणि ज्या शब्दात आकडा किंवा कबुली असेल त्याला हात लावत नाही.