‘वॉर्म’ गळाले तेव्हा

“मामा, इंग्लंडचे ते खरेदीवाले साहेब आधी मेलच्या शेवटी ‘वॉर्म रिगार्ड्स’ लिहीत होते, काल नुसते ‘रिगार्ड्स’ लिहिले आहे. चिडलेत काय ओ ते?”

माझी भाची बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत निर्यातीचा पत्रव्यवहार पाहते, आणि मी गेली 19 वर्षे कॉव्हेंट्रीत असेच सुटे भाग विकत घेणाऱ्यांच्या बाजूला बसतो. मी तिला सांगितले की तो शब्द त्यांनी हाताने लिहिला आहे का, हे आधी पाहा. आउटलुकमध्ये नव्या मेलसाठी एक आणि उत्तरासाठी दुसरी सही ठेवता येते, त्यामुळे नव्या मेलखाली ‘वॉर्म रिगार्ड्स’ आणि उत्तराखाली ‘रिगार्ड्स’ आपोआप येत असेल, तर त्यात रागही नाही आणि मायाही नाही. नाव, हुद्दा आणि फोन नंबर यांच्या ठोकळ्यात जो निरोप दर वेळी त्याच जागी, त्याच अक्षरांत दिसतो, तो यंत्राचा असतो. माणसाने लिहिलेला निरोप त्या ठोकळ्याच्या वर येतो, आणि कधी कधी घाईत एकाखाली एक असे दोन निरोप राहून जातात.

तिने अकरा मेल पाठवले. पहिल्या सातांत सुरुवातीला ‘हाय’ आणि तिचे नाव, शेवटी हाताने लिहिलेले ‘वॉर्म रिगार्ड्स’ आणि खाली फक्त त्यांचे पहिले नाव होते, उत्तरांतसुद्धा. मग धातूच्या चाचणीचा दाखला दोन आठवडे रखडला. त्यांनी दोनदा विचारले आणि दोन्ही वेळा हिने “लवकरच पाठवतो” असे, तारीख न देता, कळवले. तिसऱ्या मेलमध्ये ‘हाय’ जाऊन ‘डिअर’ आले, ‘वॉर्म’ गळाले, खाली पूर्ण नाव आले आणि प्रतीच्या रकान्यात त्यांचे वरिष्ठ दिसू लागले. मजकूर मात्र पूर्वीइतकाच सभ्य होता. या चार गोष्टी एकाच मेलमध्ये बदलल्या म्हणून मी ते चिडले आहेत असे म्हणतो. निव्वळ ‘वॉर्म’ गेले असते तर म्हटले नसते.

तिच्या साहेबांनी मात्र एका वाक्यात निकाल दिला होता: “रिगार्ड्स म्हणजे राग, माफी मागून मोकळी हो.” राग त्यांनी बरोबर ओळखला, कारण चुकीचे सांगितले. माझ्याच कचेरीत हिशेब पाहणारे एक गृहस्थ वर्षानुवर्षे सगळ्यांना नुसते ‘रिगार्ड्स’ लिहितात आणि दुपारी आपणहून चहा आणून देतात. इथल्या एका ज्येष्ठ बाईंनी उमेदीची वर्षे टंकलेखनात काढली. त्यांच्या मते जुन्या इंग्रजी पत्रात ‘डिअर सर’ असेल तर ‘युअर्स फेथफुली’, नावाने सुरुवात असेल तर ‘युअर्स सिन्सिअरली’ असा नियमच होता, त्यामुळे व्यवहाराच्या पत्राच्या शेवटात कोणी राग शोधत नसे. मेलला तसा नियम उरला नाही, म्हणून माणसाची तुलना त्याच्याच आधीच्या मेलशी करावी, दुसऱ्याच्या मेलशी नव्हे. मला हे पूर्ण पटते.

खानापूरला माझे थोरले बंधू निवृत्त शिक्षक आहेत. त्यांना हा प्रश्न भाषेचा वाटला. “आम्ही अर्ज मराठीत देतो, उत्तर कन्नडमध्ये येते, आणि तुम्ही रिगार्ड्सचे काय घेऊन बसलात?” त्यांचे दुःख खरे आहे, आणि दुरून मी ते हलके करणार नाही. पण भाचीच्या टेबलावर भाषा ठरलेलीच आहे. तिथे मान आणि अंतर त्या भाषेच्या आतल्या पायऱ्यांवर मोजले जाते. बोलता बोलता त्यांनीच आठवण काढली की वाटणीच्या भांडणानंतर आमच्या वडिलांनी काकांना लिहिलेल्या पत्रात ‘सा. न. वि. वि.’ होते, घरची खुशाली होती, आणि शेवटी ‘लोभ असावा’ गाळून एकटे ‘कळावे’ होते. काकूंनी ते पत्र दोनदा वाचले होते. आपल्याला ही पायरी परकी नाही, इंग्रजीत ती ओळखायची सवय नाही एवढेच.

‘थँक्स’बद्दल भाचीचे आणि माझे अजून एकमत नाही. काम झाल्यावरचे ‘थँक्स’ आभाराचे असते. काम सांगून लगेच लिहिलेले ‘थँक्स इन ॲडव्हान्स’ मला नकाराची वाट बंद करणारे वाटते, तिला ते नुसते सौजन्य वाटते.

तिने लांब माफी लिहिली नाही. दाखला गुरुवारी निघेल, माल त्यानंतरच्या सोमवारी, आणि उशीर प्रयोगशाळेत झाला, एवढे लिहून खाली ‘काइंड रिगार्ड्स’ ठेवले. गुरुवारी दाखला गेला. उत्तरात ‘थँक्स’ आणि फक्त पहिले नाव होते, वरिष्ठांचे नाव प्रतीतून निघाले होते. ‘वॉर्म’ अजून परतलेले नाही.