मुदत संपल्यावरचे तीस दिवस : विमा चालू नसतो, फक्त दार उघडे असते

«एजंटांच्या नूतनीकरणाच्या मेसेजला घाबरू नका. नवीन नियमानुसार पॉलिसी संपल्यावरही ३० दिवस विमा चालूच राहतो, म्हणून हप्ता आरामात महिनाभराने भरा. पाच वर्षे झाली असतील तर कंपनी क्लेम नाकारूच शकत नाही. पॉलिसी लॅप्स झालीच तर दुसरी घ्या, काही फरक पडत नाही. एजंटाला फक्त त्याच्या कमिशनची काळजी असते. सर्वांना पाठवा.»

हा मजकूर मला माझ्या कराडच्या मावशीने पाठवला, तोही मी तिला पाठवलेल्या स्मरणपत्राच्या उत्तरादाखल. खाली तिने लिहिले होते, «उगाच घाई करतेस.» तिच्या आणि काकांच्या एकत्रित पॉलिसीची मुदत १४ जूनला संपली होती आणि हा निरोप आला २० जूनला. गेली कित्येक वर्षे मी आरोग्य विम्याचे काम करते. अनोळखी माणसाने असे लिहिले असते तर मी सोडून दिले असते, पण सहा दिवस विम्याविना बसलेली माणसे घरातलीच असतील तर गप्प बसणे जमत नाही.

सर्वांत घातक वाक्य तीस दिवसांचे आहे, म्हणून त्यावरच अधिक लिहिते. तीस दिवसांची सवलत खरी आहे आणि तिला वाढीव मुदत म्हणतात. मात्र ही सवलत हप्ता भरण्यासाठी आहे, उपचारांच्या खर्चासाठी नाही. वर्षाचा हप्ता एकरकमी भरणाऱ्याची पॉलिसी ठरलेल्या तारखेच्या मध्यरात्री संपते. पुढच्या तीस दिवसांत पैसे भरले तर जुनी पॉलिसी अखंड चालत आली असे मानून तिचे साचलेले लाभ पुढे दिले जातात. पैसे न भरलेल्या दिवसांतील आजारपणाचा भार मात्र कंपनी उचलत नाही. यात कंपनीचा कावा नाही. विमा कायद्याच्या कलम ६४ व्हीबीनुसार हप्ता हाती आल्याशिवाय, किंवा त्याची कायद्याला मान्य अशी हमी वा ठेव मिळाल्याशिवाय, विमा कंपनीला जोखीम स्वीकारताच येत नाही.

कायद्याची भाषा नको असेल तर ‘आरोग्य संजीवनी’ पॉलिसीची अटींची पुस्तिका काढून पाहावी. विमा नियामकाने ही पॉलिसी २०२० साली ठरवून दिली आणि तिच्या अटी सर्व कंपन्यांसाठी सारख्याच ठेवल्या. नूतनीकरणाच्या कलमात तिथे सरळ लिहिले आहे की मुदतीच्या शेवटी पॉलिसी संपुष्टात येते, लाभांचे सातत्य टिकवण्यासाठी ती वाढीव मुदतीत नूतनीकृत करता येते आणि या वाढीव मुदतीत संरक्षण उपलब्ध नसते. ही दोन ओळींची अट मी मावशीला फोनवर वाचून दाखवली, कारण माझ्या शब्दापेक्षा छापील शब्दावर तिचा विश्वास अधिक आहे.

आता हे तिच्याच तारखांवर लावून पाहू. समजा काकांना १८ जूनला ताप आला, डेंग्यू निघाला, २० जूनला ते रुग्णालयात दाखल झाले आणि २४ तारखेला ६२,००० रुपयांचे बिल झाले. घाबरून मावशीने २२ जूनला हप्ता भरला. पॉलिसी चालू होईल आणि जुने लाभही टिकतील, पण दाखल होण्याच्या दिवशी संरक्षण नव्हते, म्हणून ते बिल घरातूनच भरावे लागेल. रुग्णालयाच्या कॅशलेस खिडकीवर कार्ड दाखवताच पॉलिसीची मुदत संपल्याचे समजते, आणि आपण विम्याविना आहोत हे बहुतेकांना तिथेच पहिल्यांदा कळते. याउलट २२ जूनला हप्ता भरला आणि आजारपण २६ जूनला सुरू झाले, तर क्लेम नेहमीसारखाच चालतो. नव्या पॉलिसीत पहिले तीस दिवस आजारपणाचा क्लेम मिळत नाही, ती प्रतीक्षा अशा नूतनीकरणाला लागत नाही. म्हणजे उशिराचे नुकसान त्या मधल्या दिवसांपुरतेच आहे, पण त्या दिवसांत काय होईल हे कोणाच्याच हाती नसते.

अर्धे सत्य मात्र मान्य करायला हवे, मनात नसले तरी. हप्ता मासिक, तिमाही किंवा सहामाही भागांत भरण्याची सोय असलेल्या पॉलिसीत, मुदतीच्या आतला एखादा भाग चुकला तर वाढीव दिवसांतही संरक्षण द्यावे, असा नियम २०२४ साली झाला आहे. मासिक हप्त्याला असे १५ दिवस मिळतात आणि तिमाही व सहामाहीला ३०. बहुधा या नियमाचीच बातमी कोणीतरी अर्धवट वाचली आणि ‘मुदतीच्या आतला भाग’ हे शब्द गाळून ती सगळ्या पॉलिसींना चिकटवली. मावशी वर्षाचा हप्ता एकदम भरते, त्यामुळे तिला या नियमाचा काडीचा उपयोग नाही.

पाच वर्षांच्या मुद्द्यातही असेच अर्धे सत्य आहे. सलग साठ महिने पॉलिसी चालली की माहिती लपवल्याचे किंवा चुकीची दिल्याचे कारण पुढे करून कंपनीला क्लेम नाकारता येत नाही. सिद्ध झालेली फसवणूक तेवढी याला अपवाद आहे. पूर्वी ही मुदत आठ वर्षांची होती, २०२४ पासून ती पाच झाली. परंतु याचा अर्थ प्रत्येक क्लेम पूर्ण मिळतो असा नाही. ‘आरोग्य संजीवनी’त मोतीबिंदूसाठी एका डोळ्यामागे विमा रकमेच्या २५ टक्के किंवा ४०,००० रुपये, यांपैकी जी रक्कम कमी असेल तीच मर्यादा असते, आणि सहाव्या वर्षीही ती तशीच राहते. शिवाय साठ महिन्यांतला ‘सलग’ हा शब्द महत्त्वाचा आहे. महिनाभर उशिराचा सल्ला देणारा आणि पाच वर्षांचा भरवसा देणारा हा एकच निरोप आहे. एकतिसावा दिवस उलटला की त्या पाच वर्षांची मोजणीच पुन्हा शून्यापासून सुरू होऊ शकते, हे लिहिणाऱ्याच्या लक्षातही आलेले दिसत नाही.

«दुसरी घ्या, फरक पडत नाही» हे वाक्य मात्र सरळ खोटे आहे. काकांना मधुमेह आहे. पॉलिसी घेताना असलेल्या आजारासाठी कंपनी जास्तीत जास्त ३६ महिने प्रतीक्षा लावू शकते. त्यांच्या पॉलिसीला चार वर्षे झाल्याने ती प्रतीक्षा केव्हाच सरली आहे. मोतीबिंदू, हर्निया यांसारख्या ठरावीक उपचारांची २४ महिन्यांची प्रतीक्षाही संपली. त्यांचा विमा ५ लाखांचा आहे. क्लेम न केलेल्या प्रत्येक वर्षाला ५ टक्के याप्रमाणे चार वर्षांचा २० टक्के बोनस जमला, म्हणजे आज त्यांच्या हाताशी ६ लाखांचे संरक्षण आहे. ही पॉलिसी वाढीव मुदतीनंतर सोडून नवी घेतली तर पहिल्या तीस दिवसांत अपघाताशिवाय काहीच नाही, मोतीबिंदूला पुन्हा दोन वर्षे, मधुमेहाशी जोडलेल्या उपचारांना पुन्हा तीन वर्षांपर्यंत थांबणे, आणि रक्कम परत ५ लाखांवर.

त्याहून मोठा फरक अर्जातच आहे. चालू पॉलिसीचे नूतनीकरण करताना विमा रक्कम वाढवायची नसेल तर कंपनी प्रकृतीची नव्याने छाननी करत नाही, आणि मागच्या वर्षी क्लेम केला म्हणून नूतनीकरण नाकारता येत नाही. नवा अर्ज मात्र साठीजवळच्या मधुमेही माणसाचा अर्ज म्हणून तपासला जातो. त्यावर जादा हप्ता लागू शकतो, तपासण्या मागितल्या जाऊ शकतात किंवा अर्ज नाकारलाही जाऊ शकतो. कंपनी बदलायचीच असेल तर जुनी पॉलिसी चालू असताना पोर्टेबिलिटीने बदलावी, म्हणजे पुरी केलेली प्रतीक्षा सोबत नेता येते.

राहिला कमिशनचा मुद्दा. नूतनीकरणावर मला कमिशन मिळते, हे खरे आहे आणि लपवण्यासारखे नाही. मात्र नवी पॉलिसी विकली तरी ते मिळतेच, त्यामुळे लॅप्स झालेल्या ग्राहकाला नवी पॉलिसी गळ्यात मारणे मला मुळीच तोट्याचे नाही. माझ्यावरचा संशय फिटत नसेल तर हप्ता थेट कंपनीच्या संकेतस्थळावर भरावा, मला काही अडचण नाही. आमच्यातले काही लोक «एक दिवस उशीर झाला तर सगळे शून्य» असे लिहून रुग्णवाहिकेची चित्रे पाठवतात, हेही मी नाकारत नाही. ते तितकेच चूक आहे. विसाव्या दिवशी भरणाऱ्याचे चार वर्षांचे काहीही शून्य होत नाही, आणि अशा भीतीला कंटाळलेल्या माणसालाच उलटा निरोप खरा वाटतो.

मी मावशीला पाठवलेला मजकूर हा असा होता, आणि तो बदलण्याचे कारण मला अजूनही दिसत नाही:

«नमस्कार. आपल्या आरोग्य विम्याची मुदत १४ जूनच्या मध्यरात्री संपते. त्याआधी हप्ता भरल्यास संरक्षणात खंड पडत नाही. १५ जून ते १४ जुलै या काळात भरल्यास पूर्ण केलेली प्रतीक्षा आणि बोनस कायम राहतात, परंतु हप्ता भरेपर्यंतच्या दिवसांतील उपचारांचा खर्च मिळत नाही. १४ जुलैनंतर बहुधा नवा अर्ज करावा लागतो आणि प्रतीक्षा पुन्हा सुरू होते. भरल्यावर पावती आणि नव्या पॉलिसीवरील तारखा तपासून घ्याव्यात.»

शेवटचे वाक्य मी मुद्दाम घालते. बँकेतून हप्ता आपोआप जाण्याची सोय केलेली माणसे निर्धास्त असतात, पण वय पुढच्या टप्प्यात गेले की हप्ता वाढतो आणि बँकेला दिलेली कमाल रक्कम त्याच्याहून कमी पडली तर व्यवहार परत येतो. त्याचा निरोप इतर पन्नास संदेशांत हरवतो. मावशीचेही तसेच काहीसे झाले असावे असे मला आधी वाटले होते. तिथे तर साधा फॉरवर्ड निघाला. तिने २१ जूनला सकाळी हप्ता भरला, पावती मला पाठवली आणि ज्या भजनी मंडळाच्या गटातून तो निरोप आला होता, तिथे आरोग्य संजीवनीतली ती दोन ओळींची अट स्वतः टाईप करून टाकली.