हुकमाचं पान शेवटासाठी का राखू नये

एका वाचकाची प्रतिक्रिया:

"निष्कर्षात नवं काही आणू नका, हा तुमचा नियम मला मास्तरी वाटतो. वाचकाच्या लक्षात शेवटचंच राहतं, मग सगळ्यांत जबरदस्त पुरावा शेवटी का नको? १८५४च्या लंडनमधल्या कॉलऱ्यावर मी लेख लिहिला आणि हॅम्पस्टेडच्या विधवेची हकीकत मुद्दाम शेवटच्या परिच्छेदासाठी राखली. संपादकांनी ती उचलून मध्ये टाकली आणि लेखातली सगळी हवा गेली. आधी सांगितलेलंच पुन्हा सांगायचं असेल, तर निष्कर्ष लिहायचाच कशाला? मूळ मसुदा सोबत पाठवते आहे, तुम्हीच सांगा."

मसुदा पाठवलात हे फार बरं केलंत. मी तो दोनदा वाचला. आधी माझी चूक दुरुस्त करतो: "नवं काही" हे शब्द मी सैल वापरले. "नवा पुरावा" असं लिहायला हवं होतं. या दोन्हींत बराच फरक आहे आणि तुमचा लेख हातात असल्यामुळे तो नीट दाखवता येईल.

तुमचा लेख असा चालतो. ऑगस्ट १८५४च्या अखेरीस लंडनच्या सोहो भागात कॉलरा भडकतो. डॉक्टर जॉन स्नो मृतांची घरं नकाशावर मांडतो. ब्रॉड स्ट्रीटवरच्या सार्वजनिक पंपाभोवती मृत्यूंची दाटी दिसते. तुम्ही म्हणता, दोष पाण्याचा. मग शेवटच्या परिच्छेदात, कसलीही पूर्वसूचना न देता, कित्येक मैल दूर हॅम्पस्टेडला राहणारी ५९ वर्षांची एक विधवा येते. तिला ब्रॉड स्ट्रीटचंच पाणी आवडायचं, म्हणून त्या रस्त्यावरून रोज जाणाऱ्या गाडीतून तिच्यासाठी पाण्याची मोठी बाटली जायची. २ सप्टेंबरला ती कॉलऱ्यानं गेली. त्यावर तुमचं शेवटचं वाक्य: "याहून आणखी पुरावा काय हवा?"

आता हाच लेख त्या काळच्या एखाद्या डॉक्टरच्या नजरेनं वाचा. रोग घाणेरड्या हवेतून पसरतो असं मानणारे तेव्हा बहुसंख्य होते. तुमच्या नकाशानं त्याचं काहीच बिघडत नाही. पंपाभोवती पाणी एक होतं, तशी हवाही एकच होती. दाटी दोन्ही कारणांनी होऊ शकते. म्हणजे लेखाचा सगळा मधला भाग वाचूनही त्याचा आक्षेप जागच्या जागी आहे आणि तुम्ही त्याला हात लावलेला नाही. तो जसजसा पुढे वाचतो तसतसा तुमच्यावरचा त्याचा विश्वास कमी होत जातो. शेवटी विधवा येते तेव्हा तो आधीच उठून गेलेला असतो.

विधवेची हकीकत मोलाची आहे ती हवा आणि पाणी यांना वेगळं करते म्हणून. हवा हॅम्पस्टेडची, पाणी ब्रॉड स्ट्रीटचं. जो प्रश्न ती सोडवते तो लेखाच्या मध्यावर उभा राहतो, तेव्हा तिनं तिथेच यायला हवं. संपादकांनी तिला तिथे नेलं ते बरोबर केलं. फक्त ते करताना त्यांनी तुमचा निष्कर्ष ओसाड सोडला. हवा गेली ती या दुसऱ्या गोष्टीमुळे असं मला वाटतं.

दुसरा मुद्दा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. पुरावा वाचकासमोर ठेवला की वाचक त्याला प्रश्न विचारतो आणि त्या उत्तरांना जागा लागते. विधवेबद्दल कुठलाही शहाणा वाचक विचारेल: ती स्वतः सोहोत जाऊन आली नव्हती ना? हॅम्पस्टेडला तेव्हा कॉलरा होता का? ते पाणी आणखी कोणी प्यायलं का, आणि त्यांचं काय झालं? स्नोनं यातल्या बहुतेकांची उत्तरं मिळवलेली होती. पाणी ३१ ऑगस्टला, गुरुवारी नेलं. तिनं ते त्या संध्याकाळी आणि शुक्रवारी प्यायलं, शुक्रवारी संध्याकाळी आजारी पडली, शनिवारी गेली. तिच्याकडे आलेली भाचीही तेच पाणी प्यायली, इझलिंग्टनमधल्या उंचावरच्या आणि निरोगी समजल्या जाणाऱ्या वस्तीतल्या घरी परतली आणि तिथे कॉलऱ्यानं मेली. त्या वेळी हॅम्पस्टेडच्या त्या भागातही कॉलरा नव्हता आणि भाचीच्या शेजारीही नव्हता. आणि एक मोलकरीण होती. तीही ते पाणी प्यायली, पण तिला फारसं काही झालं नाही.

ही मोलकरीण तुमच्या शेवटच्या परिच्छेदात नाही. तुम्ही तिला मुद्दाम लपवलंत असं मी अजिबात म्हणत नाही. तिला तिथे जागाच नव्हती. चार ओळींत टाळ्या घेणारा शेवट करायचा म्हटलं की अडचणीचा तपशील आपोआप गळून पडतो. मधल्या भागात मात्र ती आली असती. तिथे तुम्हाला लिहावं लागलं असतं की दूषित पाणी प्यायलेला प्रत्येक जण आजारी पडतोच असं नाही, आणि तरीही तिघींपैकी दोघी, दोन वेगवेगळ्या निरोगी वस्त्यांमध्ये, त्याच पाण्यानंतर मरतात हे हवेच्या सिद्धान्ताला समजावता येत नाही. पुरावा एवढा तावूनसुलाखून निघाला की मग तो कुणाला हलवता येत नाही. शेवटी टाकलेल्या पुराव्याच्या वाट्याला ही परीक्षा येत नाही. न्यायालयातही साक्षीपुरावे संपल्यावर अंतिम युक्तिवादाच्या वेळी सहसा नवा साक्षीदार उभा करू देत नाहीत, कारण समोरच्याला त्याची उलटतपासणी घेता आलेली नसते. निष्कर्षात तुमच्या वाचकाची हीच अवस्था होते.

याच घटनेतलं दुसरं उदाहरण देतो, कारण धोका तिथे अगदी उघडा पडतो. या साथीवरचे कितीतरी लेख एकाच वाक्यानं संपतात: "८ सप्टेंबरला पंपाचा दांडा काढला आणि साथ थांबली." वाचायला फार छान. लेखात आधी कुठेही न आलेला, शेवटी दणक्यात टाकलेला पुरावा. आणि तो टिकत नाही. दांडा निघाला तोवर नव्या रुग्णांची संख्या पुष्कळ खाली आली होती आणि भीतीनं लोक वस्ती सोडून गेले होते. स्नोनं १८५५च्या आपल्या पुस्तकात हे स्वतःच कबूल केलं आहे. विहिरीत तेव्हाही विष शिल्लक होतं की पाणी आपोआप निवळलं होतं, हे ठरवणं अशक्य आहे असं तो लिहितो. हेच वाक्य लेखाच्या मध्यावर असतं तर लिहिणाऱ्यानं रोजचे आकडे पाहिले असते आणि चूक सापडली असती. शेवटी असल्यामुळे ते कुणी तपासलं नाही, लिहिणाऱ्यानंही नाही. शिवाय ज्याला रोजचे आकडे माहीत आहेत अशा वाचकाचा या एका वाक्यामुळे नकाशावरचा आणि विधवेवरचाही विश्वास उडतो.

आता तुमचा खरा प्रश्न: मग निष्कर्षात उरतं काय? पुष्कळ उरतं. "अशा प्रकारे आपण पाहिले की" छापाची उजळणी मलाही नको आहे. मधल्या भागात पुरावे एकेक करून येतात आणि प्रत्येक जण आपापल्या प्रश्नाला उत्तर देतो. ते सगळे एकत्र तोलले तर किती भरतात, कुठपर्यंत नेतात आणि कुठे थांबतात, हे मधे कुठेच सांगता येत नाही, कारण तोवर सगळे आलेलेच नसतात. तो हिशेब फक्त निष्कर्षातच मांडता येतो. तो वाचकाला नवा असतो, जरी त्यातला प्रत्येक आकडा त्यानं आधी पाहिलेला असला तरी.

तुमच्याच लेखासाठी मी असा शेवट लिहून पाहिला. मधल्या भागात विधवा, तिची भाची आणि मोलकरीण आल्या आहेत असं धरलं आहे. त्यांच्यासोबत तुम्ही ओझरती उल्लेखलेली दोन ठिकाणंही तिथे नीट आली आहेत असं धरतो: पंपाजवळचं निराधारगृह, ज्याची स्वतःची विहीर होती आणि जिथल्या ५३५ जणांपैकी फक्त ५ जण दगावले, आणि ब्रॉड स्ट्रीटवरचाच बिअरचा कारखाना, जिथले ७०हून अधिक कामगार बिअर पीत, पाणी जवळजवळ पीतच नसत आणि त्यांच्यापैकी कुणीही कॉलऱ्यानं मेलं नाही.

"नकाशा एकटा असता तर हवा आणि पाणी यांच्यात निवड करता आली नसती. निवड होते ती अपवादांमुळे. निराधारगृह आणि बिअरचा कारखाना सोहोच्या हवेत राहूनही वाचले. हॅम्पस्टेड आणि इझलिंग्टनच्या त्या दोघी सोहोच्या हवेपासून दूर राहूनही वाचल्या नाहीत. दोन्हीकडे उत्तर पाण्यापाशीच येऊन थांबतं. पाण्यात नेमकं काय होतं हे यातून कळत नाही, आणि ते पाणी प्यायलेला प्रत्येक जण आजारी का पडला नाही हेही कळत नाही. पण पाणी कुठून प्यायचं हे ठरवायला तेवढं कळण्याची गरज नव्हती."

यात एकही नवी वस्तुस्थिती नाही, तरी मधल्या भागात नसलेल्या तीन गोष्टी आहेत. वाचलेले आणि दगावलेले हे एकमेकांचं उलट रूप आहेत, ही जुळणी पहिली. दाव्याची मर्यादा दुसरी. आणि त्या मर्यादेतही काय करता येतं, हा परिणाम तिसरा. परिणाम नवा असला तर बिघडत नाही, कारण तो आधीच्या पुराव्यावर उभा असतो, त्याला टेकू देत नाही. स्नोनंही तेच केलं. विधवेची हकीकत त्याच्या पुस्तकात मधेच येऊन जाते. शेवटाकडे येतात ते उपाय: रुग्णाची सेवा करणाऱ्यांनी हात धुणं, पाणी उकळून घेणं.

स्वतःचा निष्कर्ष तपासताना मी एकच करतो. प्रत्येक वाक्य खोडून पाहतो आणि विचारतो, दावा आता कमी खरा झाला का? झाला असेल तर ते वाक्य पुरावा आहे आणि त्याची जागा वर आहे. दावा तितकाच खरा राहून फक्त त्याचा अर्थ धूसर झाला, तर ते वाक्य निष्कर्षाचंच. तुमच्या शेवटच्या परिच्छेदातली विधवा खोडली तर हवेचा आक्षेप पुन्हा उभा राहतो. माझ्या मसुद्यातलं शेवटचं वाक्य खोडलं तर पाण्याबद्दलचा दावा जसाच्या तसा राहतो.

शेवटचं लक्षात राहतं हे तुमचं म्हणणं खरं आहे, आणि त्यामुळेच माझी काळजी वाढते. तुमच्या मूळ मसुद्याच्या वाचकाच्या लक्षात ती बाटली राहील. पण "तिच्या घरी ते पाणी आणखी कोण प्यायलं?" असं त्याला कुणी विचारलं, तर त्याच्याकडे उत्तर नसेल.

संपादकांना लिहा की विधवा मध्येच राहू द्या, पण शेवटचा परिच्छेद मला नव्यानं लिहायचा आहे. आणि तो लिहायच्या आधी मोलकरणीला तिच्या जागी आणा. त्यांच्या आवृत्तीतही ती कुठे दिसली नाही, असं तुमच्या मसुद्यावरून वाटतं.