चार लोकांत हसतमुख, घरात रागीट: एका फॉरवर्डला उत्तर

«जो नवरा चार लोकांत हसतमुख आणि घरात रागीट, त्याच्यावर रुसू नका. दिवसभर जग त्याला दमवतं, म्हणून तो घरी मोकळा होतो. राग माणूस आपल्याच माणसावर काढतो. ज्याच्याबद्दल अख्खं गाव चांगलं बोलतं तो वाईट कसा असेल? थोडं समजून घेतलं की संसार टिकतो. हात तर उचलत नाही ना?»

हा मजकूर गेल्या महिन्यात आमच्या सांगलीतल्या निदान तीन ग्रुपवर आला, खाली हात जोडलेले आणि गुलाबाचे इमोजी. मी इथल्या एका सल्ला केंद्रात बरीच वर्षं बसते. यातलं प्रत्येक वाक्य मी समोरच्या खुर्चीतून ऐकलेलं आहे, बहुतेक वेळा सासूच्या किंवा आईच्या तोंडून. म्हणून एकेक घेते.

आधी दमण्याचं. दमलेला माणूस चिडतो, हे खरंच आहे. पण दमणूक चिडायला माणसं निवडत नाही. गळीत हंगामात कारखान्यात रात्रपाळी करणारा एक जण आमच्याकडे आला होता. घरी कुणाशी बोलायचा नाही, पोरांवर खेकसायचा. पण तो मुकादमावरही खेकसत होता, चहावाल्याशीही भांडत होता, आणि हंगाम संपला की माणसात यायचा. बायकोनं बोलून दाखवलं की गप्प बसायचा, दुसऱ्या दिवशी स्वतःहून विषय काढायचा. ती दमणूक होती.

आता दुसरं घर. ओळख लागू नये इतके तपशील बदलले आहेत, आणि तिच्या परवानगीनंच लिहिते. नवऱ्याचं कृषी सेवा केंद्र. उधारीवर खत देणारा, मंडळाची वर्गणी सगळ्यात आधी देणारा, कुणाच्या घरी मयत झालं की पहिली गाडी याची. सगळे त्याला दादा म्हणतात. बायको आली ती पहिल्या भेटीत फक्त रडली आणि म्हणाली, «मॅडम, माझंच काहीतरी चुकत असणार, कारण बाकी कुणालाच त्रास नाही.»

तिनं सांगितलेली एक संध्याकाळ. आमटीत मीठ जास्त पडलं. ताट ढकललं गेलं, मग तिच्या माहेरापासून सुरुवात. आवाज इतका की मुलगी आतल्या खोलीत जाऊन बसली. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. मंडळाचे अध्यक्ष. «बोला की आण्णा! अहो, तुमच्यासाठी कायपण! मंडपाचं माझ्याकडं लागलं.» हसणं, चौकशी, आण्णांच्या नातवाच्या परीक्षेचा निकालसुद्धा. फोन ठेवला, तिच्याकडे वळला आणि जिथं वाक्य तोडलं होतं तिथूनच पुढं चालू केलं.

ज्याचा रागावर ताबा सुटलेला असतो त्याला फोन वाजल्यावर तो असा गुंडाळून ठेवता येत नाही. निदान आवाजात थरथर राहते, किंवा फोनच उचलला जात नाही. इथं ताबा पूर्ण शाबूत होता. मात्र एवढ्या एकाच गोष्टीवरून निकाल देऊ नका, हेही सांगते. नैराश्यात असलेली माणसंही बाहेर चेहरा सांभाळतात आणि घरी आल्यावर कोसळतात, चिडचिडी होतात. त्यांची झोप बिघडलेली असते, जेवण कमी झालेलं असतं, आवडत्या गोष्टीत मन लागत नाही, आणि त्या चिडण्याचा त्यांना स्वतःलाच त्रास होतो. अशा माणसाला डॉक्टरांकडे न्यावं.

मग फरक कशावरून ओळखायचा? तिला मी तीन गोष्टी आठवायला सांगितल्या. दुकान बंद असतं त्या दिवशी घरात काय होतं? ती म्हणाली, तो दिवस सगळ्यात वाईट. झोप झालेली, गिऱ्हाईक नाही, उधारीवाले नाहीत, आणि सकाळी उठल्यापासून तिच्या कपाटातली पिशवी, तिचा फोन, भाजीचा हिशेब तपासणं चालू. दमणूक कारण असती तर सुट्टीच्या दिवशी जरा तरी उतार पडला असता.

दुसरी गोष्ट, रागात काय काय फुटलं. तिचा मोबाईल, माहेरून आलेली कपबशी, मुलीची कंपासपेटी. त्याचं काही? ती बराच वेळ विचार करत बसली. त्याचं एकदाही काही फुटलेलं नव्हतं. दुकानात पोरानं औषधाचं अख्खं खोकं सांडलं तेव्हा दादा हसून म्हणाले होते, «जाऊ दे रे, माणूस महत्त्वाचा.» हे तिला त्या पोराच्या आईनंच कौतुकानं सांगितलं होतं.

तिसरी, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची: तिनं नाही म्हटलं तर काय होतं? बहिणीकडं मिरजेला दोन दिवस जाते म्हटलं, की आठ दिवस अबोला. मग एक दिवस साडी आणायची, ती नेसून सत्यनारायणाला मिरवायचं, आणि मिरजेचा विषय बंद. अशी पाच-सहा वर्षं गेली आणि तिनं विचारणंच सोडलं. घरातल्या सगळ्या भांडणांचा निकाल एकाच बाजूनं लागत असेल, तर राग हे हवं ते मिळवायचं साधन झालेलं असतं. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या डुलुथ गावात १९८०च्या दशकात बायकांचे अनुभव गोळा करून एक चक्र मांडलं गेलं. धमकावणं, एकटं पाडणं, पैशाची कोंडी, कमी लेखणं, दोष तिच्यावरच ढकलणं हे त्याचे आरे, आणि मधोमध सत्ता आणि नियंत्रण. आमच्या केंद्राच्या भिंतीवर ते मराठीत लावलेलं आहे. ती उठून त्याच्यापुढं उभी राहिली आणि बोटानं एकेक वाचत गेली.

‘आपल्याच माणसावर काढतो’ याला मी फार वेळ देत नाही. आपलं माणूस तर त्याची आई पण आहे, सख्खा भाऊ पण आहे. त्यांच्यावर आवाज चढत नाही. चढतो तो जिला सोडून जायला जागा नाही आणि जिच्या हातात पैसा नाही तिच्यावर.

गावाच्या मताचा मुद्दा मात्र खरोखर अवघड आहे, कारण दादांचा चांगुलपणा खोटा नव्हता. २०१९च्या महापुरात सांगलीत पाणी शिरलं तेव्हा हा माणूस होडीतून दूध पोचवत फिरला. त्या दुधावर ज्यांची लेकरं तगली त्यांना तो देवमाणूसच वाटणार. पण हाच चांगुलपणा घरातल्या बाईच्या विरुद्ध साक्षीदार होऊन उभा राहतो. ती मावशीकडं बोलली तर मावशी म्हणाली, «कोण, दादा? अगं पुरात आमच्या दारात उभा होता तो!» त्यानंतर ती दोन वर्षं कुणाशी बोलली नाही. आणि मंडळाला अकरा हजार सोडणारा हाच माणूस तिला रिक्षाच्या साठ रुपयांचा हिशेब मागायचा. वर्गणीची पावती भिंतीवर लागते, घरखर्च कुणाला दिसत नाही.

याचा फटका आम्हालाही बसतो. असा नवरा केंद्रात आला की सगळ्यांना नमस्कार, येताना भडंगाचा पुडा, «मॅडम, तुम्ही सांगाल तसं.» नवीन कार्यकर्तीला वाटतं, किती समजूतदार माणूस, बाईच जरा हळवी दिसते. म्हणून भीतीचा वास आला की दोघांना सुरुवातीला एकत्र बसवायचं नाही. त्याच्यादेखत ती खरं बोलत नाही, आणि बोललीच तर रात्री घरी त्याचा हिशेब होतो. आधी तिच्याशी एकटीशी बोलायचं, एकदा नाही, दोन-तीनदा.

राहिलं समजून घेणं. तिनं घेतलंच होतं की. मीठ मोजून घालायची, पाहुणे बंद केले, भिशी सोडली, मोठ्यानं हसणं सोडलं. दर वेळी कारण फक्त बदललं. मीठ नीट झालं तर पोळी, पोळी नीट झाली तर पोरीचे मार्क. समजून घेतल्यानं ज्याचा राग ओसरतो त्याच्या घरात काही महिन्यांत फरक दिसतो. इथं बारा वर्षांत तिची जागाच तेवढी आक्रसत गेली.

आणि शेवटचं वाक्य, ‘हात तर उचलत नाही ना?’, ज्याच्यावर बहुतेक बायका अडतात. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा कायदा २००५चा आहे, २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू. त्याच्या कलम ३ मध्ये मारहाण आणि लैंगिक छळाबरोबरच शाब्दिक, भावनिक आणि आर्थिक छळही हिंसाचारात धरलेला आहे. सतत अपमान, शिवीगाळ, मूल होत नाही किंवा मुलगा होत नाही म्हणून टोचणं, घरखर्चाला पैसे न देणं, स्त्रीधन परस्पर विकणं, सगळं त्यात येतं. वळ दाखवावा लागत नाही.

लोकांना वाटतं, तक्रार म्हणजे नवऱ्याला बेड्या. हा कायदा मुळात दिवाणी स्वरूपाचा आहे. संरक्षण अधिकारी घटनेचा अहवाल लिहून घेतात, कलम १२ खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज जातो. त्रास देऊ नये असा आदेश, त्याच घरात राहायचा हक्क, खर्चाची रक्कम, मुलांचा ताबा हे त्यातून मागता येतं. अर्ज साठ दिवसांत निकाली काढायचा प्रयत्न व्हावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात फार वेळ जातो, म्हणून वकिलाला अंतरिम आदेशाचा अर्ज सोबतच जोडायला सांगावं. संरक्षण आदेश मोडला तर मात्र तो गुन्हा, एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. घर सासऱ्याच्या नावावर असलं म्हणून सुनेचा तिथं राहण्याचा हक्क आपोआप जात नाही, हेही सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२० मध्ये स्पष्ट केलं आहे.

घडलेलं तारखेसह लिहून ठेवावं: काय बोलला, कोण हजर होतं, काय फुटलं. पण वही घरात नको, आणि ज्याचा पासवर्ड त्याला माहीत आहे त्या फोनमध्येही नको. ती वही दाखवून त्याला जाब विचारू नये, ‘मी जाते’ अशी धमकीही देऊ नये. हातातून सुटतंय असं वाटलं की असा माणूस जास्त धोकादायक होतो, मग आधी कधी हात उचललेला नसला तरी. बोलायचं असेल तर महिला हेल्पलाइन १८१, जिवाला धोका वाटला तर ११२.

तिची वही मिरजेला बहिणीकडं आहे. बँकेत स्वतःच्या नावाचं खातं उघडलंय, त्याचं पासबुकही तिथंच. मागच्या भेटीत तिला मावशीला पुन्हा एकदा सांगून बघायचं होतं, या वेळी तारखा वाचून. अर्ज तयार आहे. तो कधी द्यायचा, द्यायचा की नाही, हे ती ठरवेल.